नव्वद दिवस, आणि तीन वर्षांपूर्वी राहून गेलेली नोंद

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा नवा कार्यवाह आहे. ९ मार्च २०२५ च्या सर्वसाधारण सभेत आमची कार्यकारिणी निवडून आली. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यावा लागतो. कागद जमवू लागलो, तर १३ मार्च २०२२ ला निवडून आलेल्या कार्यकारिणीचीही नोंद झालेली नाही. परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीच्या उताऱ्यावर, अजून २०१९ ची नावं आहेत. जानेवारीत बँकेने ताजा उतारा मागितला तेव्हाच हे उघड झालं होतं. २०२२ च्या कार्यवाहांना त्या मे महिन्यात पक्षाघात झाला. त्यांच्या जागी काम पाहणारे शिक्षक २०२३ मध्ये बदली होऊन गेले. जुनं इतिवृत्त पुस्तक अजून त्या आजारी कार्यवाहांच्या घरी आहे, आणि आत्ताच्या दोन सदस्यांची संमतिपत्रं यायची आहेत. आज २६ मे. मुदतवाढीचा अर्ज देऊन ठेवला तर आम्ही सुरक्षित राहू का? कारण काय लिहावं? एक जण म्हणतो कोविड लिहा, दुसरा म्हणतो २०२२ सोडून द्या, तिसरा म्हणतो सभेची तारीखच अलीकडची दाखवा.

उत्तर :

नमस्कार. पत्र वाचून वाटलं, तुम्ही दोन निराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत आणि म्हणून ते गाठोडं जड झालंय. आधी ते सोडवू. २०२५ च्या कार्यकारिणीसाठी तुम्हाला मुदतवाढ नकोच आहे. २०२२ च्या कार्यकारिणीसाठी ती हवी आहे, आणि तीही खूप मोठी. दोन्हींचे बदल अर्ज वेगळे द्यायचे, आणि विलंबाचा अर्ज फक्त दुसऱ्याला जोडायचा. एकाच कागदावर दोन्ही लिहिलंत, तर वेळेत असलेला अर्जही उशिराचाच वाटेल.

२०२५ चा हिशेब आधी करू. बदल झाला तो दिवस मोजायचा नाही, मोजणी १० मार्चपासून. मार्चचे २२, एप्रिलचे ३०, मेचे ३१ असे ८३ होतात, म्हणजे नव्वदावा दिवस ७ जून. त्या दिवशी शनिवार आहे, शिवाय बकरी ईद. कार्यालय बंद असताना मुदत संपत असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी दिलेला अर्ज वेळेतला मानतात, म्हणून ९ जूनचा सोमवार तुमच्या हातात आहे. तरी त्या सोमवारवर विसंबू नका. गुरुवारी, ५ जूनला अर्ज द्या. काही परत केलं तर शुक्रवार उरतो, आणि सोमवार खरोखरच्या अडचणीसाठी राहतो.

तुमच्या मनात असं दिसतं की सगळे कागद पूर्ण झाल्याशिवाय अर्ज देता येत नाही, म्हणून आधी वेळ मागावा. हा समज मी अनेक संस्थांमध्ये पाहिला आहे, आणि मुदती बहुतेक त्यामुळेच चुकतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम २२ विश्वस्ताला नव्वद दिवसांत बदल *कळवायला* सांगतं. बदल सिद्ध करण्याचं काम पुढे चौकशीत होतं. त्यामुळे सभेची सूचना, विषयपत्रिका, हजेरी, सभेच्या इतिवृत्ताची सत्यप्रत, निवडून आलेल्यांची नावं-पत्ते आणि आलेली संमतिपत्रं एवढ्यावर परिशिष्ट ३ मधला अर्ज जातो. राहिलेल्या दोन संमतिपत्रांचं अर्जातच लिहा : 'श्री. अमुक व श्रीमती तमुक यांची संमतिपत्रे प्राप्त होताच, पुढील तारखेपूर्वी, दाखल करण्यात येतील. त्यासाठी वेळ मिळावा.' अशी वेळ मिळणं सोपं असतं. बदल कळवायचीच मुदत चुकली तर तिच्यासाठी मात्र कारण, शपथपत्र, सुनावणी आणि खर्च, सगळंच लागतं.

आता २०२२ कडे. २०१७ च्या दुरुस्तीने कलम २२ ला एक परंतुक जोडलं आहे. नव्वद दिवसांत बदल न कळवण्यास पुरेसं कारण होतं अशी खात्री पटली, तर उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त ती मुदत वाढवू शकतात. त्यासाठी बदल कळवणाऱ्या विश्वस्ताने खर्चाची रक्कम सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत भरायची असते. यातले दोन शब्द नीट लक्षात घ्या. पहिला, 'शकतात'. मुदतवाढ हा तुमचा हक्क नाही, ती अधिकाऱ्यांची खात्री पटण्यावर आहे. दुसरा, 'पुरेसं कारण'. ते कारण फक्त सांगून चालत नाही, कागदावर दिसावं लागतं. म्हणून 'अर्ज देऊन ठेवला तर सुरक्षित का' याचं उत्तर 'नाही' असं आहे. नुसता मुदतवाढीचा अर्ज खिडकीवर ठेवला आणि बदल अर्ज नंतर देऊ म्हटलं, तर वाढवायची मुदत कशासाठी हेच अधिकाऱ्यांसमोर येत नाही. विलंबाचा अर्ज बदल अर्जाच्या सोबतच जातो.

विलंब किती? १३ मार्च २०२२ पासून नव्वदावा दिवस ११ जून २०२२. तोही शनिवार होता, पण इथे सुट्टीचा फायदा घेत बसू नका. १२ जून २०२२ पासून ५ जून २०२५ पर्यंत १,०९० दिवस होतात. अर्जात हाच आकडा लिहा. 'सुमारे तीन वर्षे' असं लिहिलेला विलंबाचा अर्ज वाचला की हिशेब केलेलाच नाही हे लगेच कळतं, आणि पुढच्या प्रत्येक वाक्याकडे त्याच नजरेने पाहिलं जातं.

एवढे दिवस एका कारणाने झाकता येत नाहीत. विलंबाचे बहुतेक अर्ज 'आजारपणामुळे' या एका शब्दावर उभे असतात, आणि समोरून 'तीन वर्षं आजारी होते का' एवढं विचारलं की कोसळतात. तुमच्याकडे एक कारण नाही, चार निरनिराळे टप्पे आहेत. ते तसेच मांडा आणि प्रत्येक टप्प्यासमोर त्याचा कागद ठेवा.

पहिला टप्पा पक्षाघाताचा. ही घटना नव्वद दिवसांच्या आतच घडली, आणि हे तुमच्या बाजूचं आहे, कारण मुदत चालू असतानाच काम करणारा माणूस अंथरुणाला खिळला. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जोडा. पण ते काही आठवड्यांचंच असेल. पुढच्या काळासाठी फिजिओथेरपीच्या पावत्या, पुनर्तपासणीचे कागद त्यांच्या घरून मिळाले तर घ्या. ओळखीच्या डॉक्टरांकडून आज मागच्या तारखांचं प्रमाणपत्र मात्र घेऊ नका. विलंबाच्या अर्जासोबत शपथपत्र असतं, आणि त्यातल्या खोट्याला जबाबदार सही करणारा असतो, सल्ला देणारा नव्हे.

दुसरा टप्पा त्या शिक्षकांचा. अर्ज आधीच गेला असेल असं ते समजत होते का, हे त्यांना फोन करून विचारा. तसं असेल तर त्यांचंच छोटं शपथपत्र आणि बदलीच्या आदेशाची प्रत लागेल. त्यांच्या वतीने तुम्ही लिहिलेलं 'त्यांना वाटले' हे ऐकीव ठरतं. ते दूरच्या गावी असतील तर तिथे शपथपत्र करून पाठवू शकतात.

तिसरा टप्पा २०२३ मधल्या त्या बदलीपासून जानेवारी २०२५ पर्यंतचा. इथे तुमच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही, हे मान्य करा आणि तसंच लिहा : वाचनालयाला पगारी लेखनिक नाही, कार्यालयीन काम सदस्य फावल्या वेळात करतात, नोंद राहिल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. याला आधार कसला द्यायचा? त्या वर्षांची लेखापरीक्षणं वेळेवर दाखल झाली असतील तर त्यांच्या पोचपावत्या जोडा. त्यांवर २०२२ च्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतील तर फारच उत्तम. मग दिसतं की कारभार उघड चालू होता, कुणी काही लपवत नव्हतं, नोंद तेवढी राहिली. कच्चा टप्पा मोकळेपणाने सांगितला की बाकीच्या टप्प्यांवर विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

चौथ्या टप्प्याची मला खरी काळजी वाटते, आणि पत्रात तुम्ही तो एका वाक्यात ओलांडलाय. जानेवारी २०२५ मध्ये बँकेच्या पत्राने सगळं कळलं. मग जून कसा उजाडला? कळण्याआधीची तीन वर्षं समजून घेणारे अधिकारी कळल्यानंतरच्या पाच महिन्यांवर कठोर असतात, आणि ते योग्यच आहे, कारण अजाणतेपणाचं कारण तिथे संपतं. म्हणून या पाच महिन्यांतली प्रत्येक हालचाल तारखेसह शोधा. बँकेचं पत्र कधी आलं, परिशिष्ट १ च्या नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी हाती पडली, निवडणुकीची सूचना कधी निघाली, नव्या कार्यकारिणीने जुन्या कार्यवाहांच्या घरी पुस्तक मागायला कधी पत्र दिलं. नकलेची पावती आणि बँकेचं पत्र हे इथले सर्वांत मोलाचे दोन कागद आहेत. पुस्तक मागणारं पत्र अजून दिलं नसेल तर आजच द्या, पोच घ्या, आणि आजचीच तारीख घाला.

पुस्तक ५ जूनपर्यंत हाती आलंच नाही तर? २०२२ च्या सभेची छापील सूचना, सदस्यांना गेलेली पत्रं, हजेरीचा कागद, त्या वेळी मतमोजणी पाहिलेल्या व्यक्तीचा अहवाल, यातलं जे असेल ते लावा आणि मूळ इतिवृत्त नंतर दाखल करण्याची परवानगी मागा. घरच्यांशी बोलताना मात्र जपून. दुखण्यातल्या माणसाच्या घरी आपण कपाट उघडायला जातोय. पुस्तक नेल्याची लेखी पोच त्यांना दिलीत तर त्यांनाही निर्धास्त वाटेल.

तुमच्या तीन सल्लागारांविषयी. कोविडचं कारण इथे बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळलेला काळ १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ असा होता, आणि तुमची सभा त्यानंतरची आहे. हे कारण लिहिलंत की खरी कारणंही सबबींसारखी दिसू लागतील. २०२२ सोडून देणंही नको. नोंदीवर २०१९ ची मंडळी आहेत आणि २०२५ ची सभा २०२२ च्या कार्यकारिणीने बोलावली, मग ती बोलावण्याचा अधिकार तिला कुठून आला हा प्रश्न २०२५ च्या चौकशीत निघणारच. मधली पायरी गाळली तर वरची हवेत लोंबकळते.

तिसरा सल्ला, तारीख बदलण्याचा, यावर मला सर्वांत जास्त बोलायचंय. तो देणारा माणूस वाईट असेल असं नाही, त्याला संस्था वाचवायचीच असते. पण २०२२ च्या निवडीचे ठसे तुमच्या हाताबाहेर पडलेत : लेखापरीक्षण अहवालावरच्या सह्या, अनुदानाचे पत्रव्यवहार, देणगी पावत्या, कदाचित वर्तमानपत्रातली बातमी. एक हरकतदार उभा राहिला आणि त्याने एक जुनी पावती समोर ठेवली, की उशिराचा साधा मामला खोट्या दस्तऐवजाचा होतो. उशीर माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे. बनावट इतिवृत्ताला तशी कोणतीही तरतूद नाही.

अर्जाचा मजकूर लांबवू नका, दीड पान पुरे. गाभा साधारण असा ठेवता येईल :

'मा. सहायक धर्मादाय आयुक्त यांचे समक्ष. विषय : दि. १३/०३/२०२२ रोजी झालेला बदल कळविण्यास झालेला १,०९० दिवसांचा विलंब माफ करून मुदत वाढवून मिळणेबाबत, कलम २२ च्या परंतुकान्वये. अर्जदार विनंती करतो की, सदर बदल दि. ११/०६/२०२२ पर्यंत कळविणे आवश्यक होते. तत्कालीन कार्यवाह मे २०२२ मध्ये पक्षाघाताने आजारी झाले (दस्तऐवज १). त्यानंतर काम पाहणारे सदस्य नोकरीतील बदलीमुळे अन्यत्र गेले (दस्तऐवज २ व ३). या काळात संस्थेची लेखापरीक्षणे नियमित दाखल झाली आहेत (दस्तऐवज ४). नोंद नसल्याचे बँकेच्या पत्राने निदर्शनास आले (दस्तऐवज ५). त्यानंतर नक्कल मिळविणे व मूळ इतिवृत्त परत मिळविणे यासाठी केलेली कार्यवाही दस्तऐवज ६ ते ८ प्रमाणे आहे. विलंब हेतुपुरस्सर नाही. त्यातून कोणासही लाभ झालेला नाही. मा. कार्यालय ठरवील तो खर्च भरण्यास अर्जदार तयार आहे.'

दस्तऐवजांची यादी वेगळ्या पानावर द्या. प्रत्येकासमोर कागदाचं नाव, त्याची तारीख, मूळ की सत्यप्रत, आणि तो अर्जाच्या कोणत्या परिच्छेदाला आधार देतो हे लिहा. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. पण पंचवीस-तीस फायली समोर असलेल्या माणसाला तोच रकाना तुमच्या बाजूने बोलतो. आणि कोणत्याच परिच्छेदाला आधार न देणारा कागद यादीत ठेवू नका, मग तो मान्यवरांचं शिफारसपत्र का असेना.

सही कोणाची, हेही आधी ठरवा. २०२२ च्या बदलासाठी, २०१९ च्या नोंदीत नाव असलेला आणि तयार असलेला एखादा विश्वस्त मिळाला तर त्याची सही घ्या, म्हणजे 'तुम्ही कळवणारे कोण' हा आक्षेप उद्भवत नाही. मावळत्या विश्वस्तांची ना-हरकत शपथपत्रं मिळवता आली तर सुनावण्या कमी होतात. खर्च किती लागेल हे अधिकारी ठरवतात. कायद्याच्या शब्दांत तो कळवणाऱ्या विश्वस्ताने भरायचा आहे, म्हणून वाचनालयाच्या खर्चात तो परस्पर टाकू नका, आधी तुमच्या लेखापरीक्षकांना विचारा.

दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या. अर्ज ऑनलाइन नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक लिहून ठेवा आणि छापील संचाच्या तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. २०२५ च्या अर्जात २०२२ च्या अर्जाचा उल्लेख करून दोन्ही एकत्र ठेवण्याची विनंती करा, कारण जुना निर्णय झाल्याशिवाय नवा पुढे सरकत नाही. विलंब माफ झाला म्हणजे २०२२ ची निवड मान्य झाली असंही नाही. दार उघडलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर विश्वस्तांच्या नावांतला बदल तात्पुरता स्वीकारून हरकती मागवण्याची सोय २०१७ पासून आहे. तीस दिवसांत हरकत आली नाही तर तो तात्पुरता आदेश कायम होतो. बँकेला तो आदेश चालेल का, हे शाखेत आत्ताच लेखी विचारून ठेवा.

इतर वाचकांपैकी ज्यांच्यासमोर निराळं कार्यालय आहे, त्यांनी कारण लिहायच्या आधी एक गोष्ट तपासावी : त्या अधिकाऱ्याला मुदत वाढवायचा अधिकार कोणत्या कलमाने आहे, आणि किती दिवसांपर्यंत? जीएसटीच्या आदेशाविरुद्ध अपिलाला तीन महिने असतात, आणि पुरेसं कारण असेल तर अपील अधिकारी आणखी फक्त एक महिना देऊ शकतात. चौथा महिना उलटल्यावर आलेल्या माणसाचं कारण कितीही खरं असलं तरी त्या टेबलावर त्याचा उपयोग होत नाही. उलट माहिती अधिकारात पहिल्या अपिलाचे तीस दिवस उलटले, तरी पुरेसं कारण पटल्यास अपील दाखल करून घेता येतं, तिथे अशी वरची मर्यादा घातलेली नाही. जमिनीच्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे जाणाऱ्यांना महसूल संहितेत साठ दिवस आहेत. आदेशाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेच्या अर्जाची पावती तिथेही जपून ठेवायची. टप्पे पाडून कागद लावण्याची पद्धत सगळीकडे तीच. १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा मागताना पांडित्याचा अतिरेक नको, व्यवहारी शहाणपणाने पाहावं. त्या निकालाचा आधार घ्या, पण टप्प्यांच्या हिशेबाच्या जागी तो ठेवू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज आणि उद्या ही कामं व्हावीत : जुन्या कार्यवाहांच्या घरी पत्र, शिक्षकांना फोन, बँकेच्या पत्राची आणि नकलेच्या पावतीची शोधाशोध. शपथपत्रं २ किंवा ३ जूनला करून घ्या. संमतिपत्रं न देणाऱ्या त्या दोन सदस्यांना विचारा, की त्यांना काम करायचं आहे ना. नसेल तर ते आत्ताच लेखी कळवू देत. त्या दोन जागांचं काय करायचं हे तुमच्या संस्थेची घटना सांगेल, आणि ९ मार्चचा अर्ज त्यांच्यासाठी थांबवायची गरज उरणार नाही.